दुकानावर सर्व्हे आला तर: सोलापूरच्या छोट्या दुकानदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाटी गल्ली, नवी पेठ, मार्केट यार्ड या भागांतले दुकानदार जे प्रश्न सारखे विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. भर आयकर खात्याच्या सर्व्हेवर आणि त्यातही मालाच्या मोजणीवर आहे, कारण छोट्या दुकानदाराला सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. जीएसटीच्या तपासणीत काय वेगळं असतं ते प्रश्न ४ मध्ये आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला. त्यात सर्व्हेच्या कलमाचा क्रमांक बदलला असला तरी जुन्या कायद्याच्या कलम १३३ए मधला गाभा कायम आहे.

१. सर्व्हे म्हणजे धाडच ना?

नाही. धाडीत अधिकारी घरात शिरू शकतात, कपाटं उघडायला लावू शकतात, रोकड आणि दागिने जप्त करू शकतात. सर्व्हे हा धंद्याच्या जागेपुरता असतो. अधिकारी वह्या बघतात, रोकड मोजतात, मालाची यादी करतात, प्रश्न विचारून जबाब लिहून घेतात. आयकराच्या सर्व्हेत रोख रक्कम किंवा माल दुकानाबाहेर नेण्याचा अधिकार त्यांना नाही, कायद्यात तशी स्पष्ट मनाई आहे. दुकानात ते धंद्याच्या वेळेतच प्रवेश करू शकतात. मात्र एकदा सुरू झालेलं काम शटर खाली घ्यायची वेळ झाली म्हणून थांबत नाही. रात्री उशिरापर्यंत मोजणी चालल्याचे प्रसंग नेहमीचे आहेत, तेव्हा कामगारांच्या जेवणाची आणि घरी जायची सोय संध्याकाळीच बघून ठेवा.

२. आलेली माणसं खरंच खात्याची आहेत हे कसं ओळखायचं?

ओळखपत्र आणि सर्व्हेची परवानगी देणारं पत्र मागा. हे मागण्यात उद्धटपणा काही नाही, खरा अधिकारी स्वतःहून दाखवतो. पत्रावर तुमचं किंवा दुकानाचं नाव, पत्ता, अधिकाऱ्यांची नावं आणि तारीख वाचा, आणि हे सगळं स्वतःच्या वहीत उतरवून घ्या. शेजारच्या दुकानाच्या नावाचं पत्र असेल तर तिथेच नम्रपणे दाखवून द्या.

कोणी "मिटवून टाकू" म्हणत रोख मागत असेल तर तो तोतया असो की खरा, पैसे द्यायचे नाहीत. लाच मागितल्याची तक्रार राज्याच्या कर्मचाऱ्याबद्दल असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर करता येते. आयकर खातं केंद्राचं आहे, तिथली तक्रार सीबीआयकडे जाते.

३. मी गावाला गेलोय, दुकानात फक्त मुलगा आणि एक कामगार आहे. मी किंवा सीए येईपर्यंत थांबा म्हणता येईल का?

विनंती करता येते, अडवता येत नाही. तुम्हाला आणि सीएला फोन लावायला बहुतेक अधिकारी हरकत घेत नाहीत, पण सीए पोहोचेपर्यंत मोजणी थांबवणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. दुकानात जो हजर आहे त्याने वह्या दाखवणं, मोजणीला मदत करणं आणि माहिती देणं ही कायद्याची अपेक्षा आहे. नकार दिला तर अधिकारी समन्सचे अधिकार वापरून तेच करून घेऊ शकतात.

कामगाराला एकच गोष्ट आधीपासून सांगून ठेवा: जे माहीत आहे तेवढंच बोल, हिशेबाचं विचारलं तर "हे मालक बघतात" असं सांग. माल आतल्या खोलीत सरकवणं, चिठ्ठ्या फाडणं, शटर ओढून पळणं यातलं काहीही कोणी करू नये. साध्या फरकाचं प्रकरण त्यामुळे लपवाछपवीचं होऊन बसतं.

४. आणि जीएसटीवाले आले तर? तेही हेच करतात का?

बाहेरून सारखंच दिसतं, आणि लोक दोन्हीला सर्व्हेच म्हणतात, पण कायदा वेगळा आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ६७ खाली तपासणीसाठी सहआयुक्त किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने दिलेलं आयएनएस-०१ हे लेखी अधिकारपत्र लागतं. ते बघायला मागा.

मोठा फरक मालाचा आहे. जीएसटीत झडतीचे अधिकार दिलेले असतील तर जप्तीला पात्र वाटणारा माल ताब्यात घेता येतो. जागेवरून हलवणं शक्य नसेल तर तो विकू किंवा हलवू नका, असा आदेश देता येतो. जप्तीचा आदेश आणि पंचनामा यांच्या प्रती मागून घ्या. मालाच्या जप्तीनंतर सहा महिन्यांत नोटीस आली नाही तर माल परत करावा लागतो, मात्र ही मुदत आणखी सहा महिने वाढवता येते.

"आत्ताच पोर्टलवरून कर भरा" असा आग्रह झाला तर लक्षात ठेवा: तपासणी चालू असताना वसुली करू नये, अशी सूचना केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने आपल्या अधिकाऱ्यांना २५ मे २०२२ रोजी दिली आहे. स्वतःहून डीआरसी-०३ या फॉर्मने भरायची मुभा आहे, सक्ती नाही.

नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं आणि पाटीवर जीएसटी क्रमांक लिहिलेला हवा. पहिल्या पाच मिनिटांत हेच बघितलं जातं.

५. मालाची मोजणी नेमकी कशी होते? मी काय करायचं?

दोन-तीन जण रॅकनुसार माल मोजतात, एक जण लिहितो. चादर, टॉवेल, नॅपकिन अशा वर्गवारीने नग आणि दर लिहिले जातात आणि शेवटी बेरीज होते. त्या यादीवर तुमची सही घेतली जाते. पुढची दोन-तीन वर्षं तुमचं प्रकरण ज्या कागदावर फिरणार तो हाच, म्हणून जबाबाइतकंच लक्ष यादीवर द्या.

प्रत्येक रॅकपाशी तुमचा एक माणूस उभा करा आणि त्याला स्वतंत्र वहीत तेच आकडे लिहायला लावा. बारा नगांचा गठ्ठा एक डझन म्हणून लिहिलाय की बारा डझन, हे तिथल्या तिथे बघा. दर कुठून घेतला ते विचारा: खरेदी बिलावरून की मालावरच्या किमतीच्या चिठ्ठीवरून? चिठ्ठीवरून घेतला असेल तर यादीत दराच्या रकान्यावर "विक्री किंमत" असं स्पष्ट लिहून घेता आलं की अर्धं काम झालं. रंग उडालेला, डाग पडलेला, वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल वेगळा लिहायला सांगा, कारण त्याची किंमत नव्या मालाइतकी धरायची नसते.

ऐकलं गेलं नाही तर भांडू नका. यादीवर सही करताना "दर चिठ्ठीवरचे आहेत, जांगड माल धरलेला आहे" असा शेरा मराठीत लिहून मग सही करा.

६. माझी वही बरोबर आहे, तरी लाखांत फरक कसा निघतो?

कारण त्या दिवशी वहीतला साठा कोणी मोजून ठेवलेला नसतो. छोट्या दुकानात रोजचा स्टॉक रजिस्टर क्वचितच असतो. मग अधिकारी वहीतला साठा हिशेबाने काढतात: वर्षाच्या सुरुवातीचा माल अधिक आजवरची खरेदी, वजा विक्रीतली खरेदी किंमत. ही खरेदी किंमत गेल्या वर्षीच्या ढोबळ नफ्याच्या टक्केवारीवरून अंदाजाने काढलेली असते. दुसरीकडे रॅकवरचा माल चिठ्ठीच्या दराने लिहिलेला असतो. या दोन आकड्यांची तुलनाच मुळात चुकीची आहे.

चाटी गल्लीतलं एक चादर-टॉवेलचं दुकान धरू. आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत. १ एप्रिलचा साठा ८,४०,००० रुपये, त्यानंतरची खरेदी ३१,६०,०००. म्हणजे एकूण ४०,००,०००. जीएसटी सोडून विक्री ३४,००,०००, गेल्या वर्षीचा ढोबळ नफा १५ टक्के. म्हणून विकलेल्या मालाची खरेदी किंमत २८,९०,००० आणि वहीप्रमाणे शिल्लक ११,१०,०००. मोजणीची बेरीज आली १६,५९,०००. फरक ५,४९,०००, आणि "हा माल कुठून आला?" हा प्रश्न मालकासमोर.

आता उलगडा बघा. १६,५९,००० मध्ये १,०५,००० चा माल जांगड आलेला होता, तो दुकानदाराचा नव्हेच. ८४,००० चा माल एका लॉजला विकून बिल झालं होतं, गठ्ठे बांधून कोपऱ्यात ठेवले होते, टेम्पो यायचा होता. वहीतून तो आधीच कमी झालेला. उरला १४,७०,०००, पण चिठ्ठीच्या दराने. चिठ्ठीत ५ टक्के जीएसटी धरलेला असल्यामुळे १.०५ ने भागलं की १४,००,००० राहतात, आणि त्यातला १५ टक्के नफा काढला की खरेदी किंमत ११,९०,०००.

वहीच्या बाजूलाही एक दुरुस्ती होती. दोन दिवसांपूर्वी आलेला ६२,००० चा माल रॅकवर लागला होता, पण बिल अजून चढवलं नव्हतं. ते धरलं की वहीचा साठा ११,७२,०००. आता फरक उरला १८,०००. ढोबळ नफा हा वर्षाची सरासरी असतो, घाऊक विक्री जास्त झाली की तो घसरतो, त्यामुळे एवढा फरक अंदाजातलाच म्हणून मांडता येतो.

साडेपाच लाख आणि अठरा हजार यांच्यामध्ये एकही बनावट कागद लागला नाही. लागला तो बिल्टी, जांगड चलन, लॉजचं बिल आणि चिठ्ठीवरचा दर कसा ठरतो याचा एक कागद. ही चार गोष्टींची मांडणी त्याच संध्याकाळी जबाबात आली तर तिचं वजन वेगळं असतं. तीच सहा महिन्यांनी सीएच्या पत्रातून आली तर "नंतर सुचलेलं" असं म्हटलं जातं.

७. जांगड माल आणि रंगाईला दिलेला माल, याचा पुरावा काय दाखवायचा?

तोंडी सांगून भागत नाही. जांगड मालासोबत पाठवणाऱ्याचं चलन हवं: तारीख, नग, दर, आणि "पसंतीसाठी, विक्री नाही" असा उल्लेख. चलनाशिवाय माल घ्यायची सवय असेल तर आजपासून बंद करा. समोरचा ओळखीचा कारखानदार असला तरी त्या दिवशी त्याच्या फोनपेक्षा त्याच्या चलन पुस्तकातली स्थळप्रत उपयोगी पडते.

तुमचा माल बाहेर असेल, म्हणजे सूत मागावर किंवा कापड रंगाईला गेलं असेल, तर उलटं होतं. वहीत आहे पण दुकानात नाही. त्यासाठी जॉबवर्कचं चलन आणि परत आलेल्या नगांची नोंद ठेवा. याचा संबंध पुढच्या प्रश्नाशी आहे.

८. माल कमी भरला तर बरंच ना? जास्त तर निघाला नाही.

उलट, कमी माल म्हणजे बिल न करता विकला, असा पहिला अर्थ लावला जातो. आयकरात त्या विक्रीवरचा नफा जोडला जातो. जीएसटीत हिशेब न लागलेला माल पुरवठा झाला असं धरून कर मागता येतो. म्हणून घटीचं कारण सांगा: रंगाईला गेलेला माल, उंदरांनी किंवा पावसाच्या पाण्याने खराब झालेला माल, भेट किंवा नमुना म्हणून दिलेले नग. खराब माल फेकण्यापूर्वी फोटो आणि वहीत नोंद असावी. जीएसटीत नष्ट झालेल्या किंवा मोफत दिलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट उलटवावं लागतं, हेही सीएशी बोलून घ्या.

९. गल्ल्यात वहीपेक्षा जास्त रोकड निघाली. आता?

आधी रोजमेळ पूर्ण करा. दुपारी चारला सर्व्हे आला असेल तर सकाळपासूनची विक्री, आलेली उधारी, दिलेली मजुरी हे काहीच वहीत नसतं. त्या दिवसाची बिलं आणि उधारीच्या पावत्या जोडून अधिकाऱ्यांसमोर रोकड जुळवा. घरची रक्कम दुकानात ठेवली असेल तर कोणाची, कुठून आली, बँकेतून काढली असल्यास कधी, हे सांगा. पत्नीच्या बचतीचे असतील तर तसं सांगा, पण रक्कम आणि स्रोत खरा असायला हवा, कारण पुढे तिलाही विचारलं जाईल.

१०. जबाब कसा द्यायचा? सही करायलाच लागते का?

प्रश्न मराठीत समजून घ्या, जबाब मराठीत लिहावा अशी विनंती करा. आठवत नसेल तर "वही बघून सांगतो" म्हणा, आकडा अंदाजाने टाकू नका. "अंदाजे" असेल तर तो शब्द जबाबात आला पाहिजे. "गेल्या तीन वर्षांत रोज किती विक्री बिलाशिवाय झाली?" या धर्तीचा प्रश्न आला की अनेक जण घाबरून एखादा आकडा बोलतात, आणि तोच आकडा तीनशे दिवसांनी गुणला जातो. तसं होतच नसेल तर "अशी विक्री होत नाही" एवढंच उत्तर.

सही करण्यापूर्वी प्रत्येक पान वाचा. चूक असेल तर तिथेच दुरुस्ती करून घ्या आणि तिच्यापुढे सही करा. थकला असाल, औषधाची वेळ झाली असेल, तर सांगा आणि ते नोंदवून घ्या. प्रत मागा. लगेच मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज द्या.

आयकराच्या सर्व्हेतला जबाब शपथेवर नसतो. केवळ त्या जबाबावर कर आकारणी उभी राहू शकत नाही, असा निकाल मद्रास उच्च न्यायालयाने एस. खादर खान प्रकरणात दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. याचा अर्थ जबाब बिनकामाचा असा मुळीच नाही. यादी, चिठ्ठ्या आणि जबाब एकमेकांना जुळले की तो पुरावा भक्कम होतो.

११. "पाच लाख कबूल करा, विषय संपवा" असं म्हणाले तर?

फरक खरा असेल, तुम्हाला माहीत असेल, तर कबूल करणंच योग्य. पण प्रश्न ६ मधल्या दुकानदाराने रात्री दहा वाजता कंटाळून साडेपाच लाख कबूल केले असते तर? त्याचं खरं उत्पन्न तेवढं नव्हतंच. स्रोत न सांगता आलेल्या मालावर नेहमीच्या दरापेक्षा जड दराने कर लागू शकतो, आणि विषय तिथे संपत नाही, तिथून सुरू होतो.

सर्व्हेत कबुलीजबाब मिळवण्यावर भर न देता पुरावा गोळा करावा, अशी सूचना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १० मार्च २००३ रोजी अधिकाऱ्यांना दिली आहे. तिचा उल्लेख आवाज न चढवता करा आणि सांगा: "जुळवणीसाठी आठ दिवस द्या, कागदांसह लेखी देतो." ही मुदत मागितल्याची नोंद जबाबात घ्या.

दडपणाखाली कबुली गेलीच असेल तर दिवस घालवू नका. थोड्याच दिवसांत, आकड्यांच्या मांडणीसह आणि कागद जोडून, लेखी कळवा की कबुली का चुकीची होती. नुसतं "दबाव होता" एवढं लिहिलेलं पत्र टिकत नाही.

१२. वह्या, कॉम्प्युटर, मोबाईल घेऊन जाऊ शकतात का?

वह्या आणि कागदपत्रं, कारण लेखी नोंदवून, ताब्यात घेता येतात. संगणकातला हिशेबही यात येतो. सुट्ट्या सोडून १५ दिवसांपेक्षा जास्त ठेवायच्या असतील तर वरिष्ठांची मंजुरी लागते. काय काय नेलं त्याची पानांच्या संख्येसह यादी घ्या आणि रोज लागणाऱ्या उधारी वहीचे फोटो काढायची परवानगी मागा.

कच्च्या चिठ्ठ्यांबद्दल खास सांगतो. गिऱ्हाईकाला भाव सांगताना लिहिलेली चिठ्ठी आणि खरी विक्री यात बाहेरच्या माणसाला फरक दिसत नाही. रद्द झालेल्या अंदाजपत्रकावर त्याच दिवशी "रद्द" लिहायची सवय लावा.

१३. मी अंदाजे नफ्याच्या योजनेत विवरण भरतो, वह्याच ठेवत नाही. मग काय तपासणार?

उलाढाल तपासणार. दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीवर (रोख जमा पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत) ८ टक्के, किंवा बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा दाखवता येतो आणि आयकरासाठी सविस्तर वह्या ठेवायची सक्ती नसते. पण दाखवलेली उलाढाल खरी असावी लागते, आणि खरेदीची बिलं, बँक आणि यूपीआयच्या नोंदी तिची साक्ष देतात. शिवाय जीएसटीची नोंदणी असेल तर त्या कायद्याचे रेकॉर्ड वेगळे ठेवावेच लागतात.

१४. दुकान खाली, घर वर. वरही येतील का?

सर्व्हे धंद्याच्या जागेपुरता आहे. पण "काही वह्या वर कपाटात आहेत" किंवा "थोडा माल माळ्यावर आहे" असं तुम्ही स्वतः सांगितलं तर ती जागाही धंद्याची जागा धरली जाते, आणि तिथे सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वी जाता येतं. म्हणून खोटं बोलू नका. मुळात वह्या, रोकड आणि माल घरात ठेवूच नका. जुनी बिलंसुद्धा दुकानातल्या पेटीत ठेवा.

१५. गड्ड्याच्या यात्रेसाठी भाड्याच्या खोलीत माल भरून ठेवलाय. ती खोली जीएसटीत दाखवलेली नाही. चालेल का?

चालणार नाही. धंद्याची जादा जागा नोंदणीत दाखवावी लागते, आणि न दाखवलेल्या जागेत कागदांशिवाय सापडलेला माल विकला गेला असं धरून कर ठरवता येतो. यात्रा जानेवारीत असते, माल नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच भरला जातो. त्यामुळे खोली ठरली की लगेच पोर्टलवर ती जागा जोडा, भाड्याचा करार आणि वीज बिल तयार ठेवा. दुकानातून खोलीवर गेलेल्या प्रत्येक खेपेचं चलन करा आणि त्याची स्थळप्रत खोलीतच एका फायलीत ठेवा. मोजणी आली की खोलीची यादी दुकानाच्या यादीपासून वेगळी करून घ्या. दोन्ही एकत्र लिहिल्या गेल्या तर एकच गठ्ठा दोनदा मोजला गेला तरी नंतर सिद्ध करता येत नाही.